वहीत नफा, खात्यात खडखडाट

नफा बिल फाडले त्या दिवशी वहीत येतो. पैसा मात्र गिऱ्हाईक देईल त्या दिवशी बँकेत येतो. या दोन दिवसांमध्ये किती अंतर आहे आणि ते अंतर कोणाच्या पैशाने भरले जाते, यावर छोटा कारखाना टिकतो की अडकतो हे ठरते. तोट्यातला धंदा बंद पडला तर कोणाला नवल वाटत नाही. पण हाताला काम आहे, माल खपतो आहे, दर नगामागे चांगले सुटतात आणि तरीही सात तारखेला पगाराला पैसे नाहीत, अशी वेळ भोसरी, चाकण, शिरोली, सातपूर अशा औद्योगिक वसाहतींमधल्या कितीतरी छोट्या कारखान्यांवर येते. बहुतेक वेळा ती येते ती धंदा वाढत असतानाच.

नफा-तोटा पत्रक काय सांगत नाही

हिशेबाची रूढ पद्धत उपार्जनाची आहे. माल गेला, बिल झाले की विक्री धरायची. खर्चाचा पैसा दिलेला असो वा नसो, तो ज्या काळातला असेल त्या काळात टाकायचा. ही पद्धत चुकीची नाही. धंदा मुळात फायद्याचा आहे की नाही हे तिच्याशिवाय कळत नाही. रोखीवर हिशेब ठेवला तर वसुली चांगली झालेला महिना सोन्याचा वाटेल आणि पोलाद भरून ठेवलेला महिना बुडीत वाटेल, आणि दोन्ही समज खोटे असतील.

पण या पद्धतीत काही गोष्टी नजरेआड होतात. यंत्राच्या कर्जाचा हप्ता जातो तेव्हा त्यातले फक्त व्याज खर्चात दिसते. मुद्दल खर्च नाही, त्यामुळे ते नफा-तोटा पत्रकात कुठेच नसते, खात्यातून मात्र दर महिन्याला वळते होते. घसाऱ्याचे उलट आहे: तो खर्चात दिसतो, पण त्यापायी रुपयाही बाहेर जात नाही. मालकाने घरखर्चाला उचललेली रक्कम, गोदामात पडलेला कच्चा माल, गिऱ्हाइकाकडे अडकलेली बिले आणि सरकारला भरायचा जीएसटी हे सगळे नफ्याच्या आकड्याबाहेर राहते.

ही बाहेरची बाजू दाखवणारे स्वतंत्र पत्रक असते, रोख प्रवाह पत्रक. मोठ्या कंपन्यांना ते वार्षिक हिशेबात द्यावेच लागते. 2013 च्या कंपनी कायद्याने मात्र छोट्या कंपन्या आणि एकल व्यक्तीच्या कंपन्या यांना त्यातून सूट दिली आहे, आणि मालकी किंवा भागीदारीतल्या धंद्यांना तर हे बंधन नाहीच. कागदपत्रांचा बोजा कमी करण्याचा हेतू योग्य होता. परिणाम असा झाला की ज्यांना या पत्रकाची सर्वात जास्त गरज, त्यांच्या हाती ते सहसा येत नाही. सनदी लेखापाल वर्षअखेरीस नफा काढून देतो, त्यावर कर भरला जातो, आणि "एवढा नफा झाला तर पैसा गेला कुठे?" हा प्रश्न तसाच राहतो.

भोसरीतला एक टर्निंग शॉप

याचे उत्तर एका कारखान्याच्या आकड्यांवरून स्पष्ट होते. आकडे समजुतीसाठी सोपे करून घेतले आहेत, पण त्यांची ठेवण भोसरीतल्या कोणाही लघुउद्योजकाला ओळखीची वाटेल. भाड्याच्या गाळ्यात तीन सीएनसी लेथ आहेत. पोलादाचे बार आणायचे, कापायचे, शाफ्ट आणि बुश टर्न करायचे आणि वाहनांचे सुटे भाग जोडणाऱ्या एका मोठ्या कंपनीला द्यायचे, हे काम.

महिन्याची विक्री 10 लाख रुपये. त्यात पोलाद साडेपाच लाखांचे. पगार, वीज, भाडे आणि टूलिंग मिळून 3 लाख. बँकेचे व्याज 20 हजार आणि घसारा 30 हजार. म्हणजे महिन्याला एक लाख नफा, विक्रीच्या दहा टक्के. सुट्या भागांच्या धंद्यात हे वाईट नाही.

आता पैशाची बाजू. बिलावर 18 टक्के जीएसटी लागून गिऱ्हाइकाकडून येणे होते 11 लाख 80 हजार, आणि ते हाती येते सुमारे तीन महिन्यांनी. पोलादवाला रोखीने देतो किंवा फार तर काही दिवस थांबतो. त्याचे जीएसटीसह 6 लाख 49 हजार त्याच महिन्यात जातात. पगार आणि वीजही थांबत नाही. पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला विक्रीवरच्या जीएसटीतून पोलादावर भरलेला जीएसटी वजा करून 81 हजार सरकारला जातात. बँकेचा हप्ता व्याजासह 60 हजार, घरखर्च 60 हजार. सगळे देऊन महिन्याला 30 हजार शिल्लक पडतात. गाडा चालतो, पण तो चालतो तीन महिन्यांची बिले, म्हणजे 35 लाखांहून जास्त रक्कम, कायम गिऱ्हाइकाकडे अडकलेली ठेवून.

तो पैसा कुठून आला? काही मालकाचा वर्षानुवर्षे धंद्यातच ठेवलेला नफा, काही बँकेचा. छोट्या उद्योगांना खेळते भांडवल देताना बँका नायक समितीने घालून दिलेले सूत्र वापरतात: अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या किमान 20 टक्के. इथे उलाढाल 1 कोटी 20 लाख, म्हणून कॅश क्रेडिटचे, बोलीभाषेत सीसीचे, लिमिट 24 लाख. त्यातले 18 लाख वापरात आहेत. सहा लाख मोकळे आणि मालकाने बाजूला ठेवलेले तीन लाख, अशी नऊ लाखांची गादी आहे.

ऑर्डर दुप्पट होते

जूनमध्ये कंपनी सांगते की जुलैपासून दुप्पट माल हवा. नवे यंत्र घ्यायची गरज नाही, दुसरी पाळी सुरू केली की भागते. भाडे वाढत नाही, त्यामुळे जादा 10 लाखांच्या विक्रीवर पोलादाचे साडेपाच लाख आणि पगार-विजेचे अडीच लाख जाऊन महिन्याला दोन लाख जास्त सुटतील. नफा एका लाखावरून तीन लाखांवर. कागदावर या ऑर्डरला नाही म्हणायला एकही कारण नाही.

जुलैत नव्या कामापायी पोलादाचे 6 लाख 49 हजार आणि पगार-विजेचे अडीच लाख, असे 8 लाख 99 हजार बाहेर जातात. जुन्या कामातून सुटलेले 30 हजार धरले तरी महिनाअखेर नऊ लाखांच्या गादीतले फक्त 31 हजार उरतात. ऑगस्टमध्ये पुन्हा तेवढाच खर्च, शिवाय 20 तारखेला जुलैच्या जादा विक्रीवरचा 81 हजारांचा जीएसटी. तो ज्या बिलांवर आहे त्यांचा एक रुपयाही अजून आलेला नाही, पण सरकारकडे तो बिलाच्या तारखेवरून भरायचा असतो, वसुलीच्या नव्हे. ऑगस्ट संपताना कारखान्याला सव्वानऊ लाखांच्या आसपास तूट पडते. सप्टेंबरअखेर ती 18 लाख 69 हजारांवर जाते.

त्याच तीन महिन्यांचे नफा-तोटा पत्रक काढले तर त्यात नऊ लाखांचा नफा दिसतो. कारखान्याच्या इतिहासातली ही सर्वात चांगली तिमाही.

दोन्ही आकडे खरे आहेत आणि त्यांचा मेळही बसतो. नव्या ऑर्डरची तीन महिन्यांची बिले 35 लाख 40 हजारांची झाली आणि ती सगळी गिऱ्हाइकाकडे आहेत. त्यातले सहा लाख म्हणजे न आलेला नफा. 81 हजार सप्टेंबरचा जीएसटी, तो अजून भरायचा आहे. उरलेले 28 लाख 59 हजार कारखान्याने खिशातून घातले. थोडक्यात, पैसा बुडालेला नाही, चोरीला गेलेला नाही. कारखान्याने तो आपल्याहून कितीतरी मोठ्या कंपनीला बिनव्याजी उधार दिला आहे.

ऑक्टोबरमध्ये जुलैची बिले वसूल होतात आणि त्या महिन्यापासून नव्या कामात दरमहा दोन लाख उरू लागतात. म्हणजे घातलेले साडेअठ्ठावीस लाख भरून यायला आणखी चौदा महिने लागतील, तेही ऑर्डर पुन्हा वाढली नाही आणि एकही वसुली लांबली नाही तर. ऑक्टोबरची वसुली एका महिन्याने पुढे गेली, तर खड्डा आणखी 9 लाख 80 हजारांनी खोल होतो. दिवाळीचा बोनस नेमका याच सुमाराला येतो. हिशेबात तो वर्षभरावर पसरता येतो, पण कामगाराला तो दिवाळीआधी रोख द्यायचा असतो. या गणितात कारखान्यात पडून असलेला माल धरलेलाच नाही. प्रत्यक्षात पोलाद काही आठवडे आधी आणून ठेवावे लागते, अर्धवट झालेले नग यंत्रापाशी पडून असतात, आणि तेवढा खड्डा आणखी वाढतो.

तीन महिने कुठे जातात

पर्चेस ऑर्डरवर मुदत 60 दिवसांची लिहिलेली असते. मग तीन महिने का लागतात? यातले बरेच दिवस कोणाच्या वाईट हेतूने नव्हे, कामाच्या रीतीने जातात. माल गेटवर पोचला की आवक नोंद होते, पण कंपनीच्या प्रणालीत बिलाचा दिवस बहुतेकदा माल तपासून स्वीकारल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, झाल्यावर सुरू होतो. शनिवारी पोचलेल्या मालाचा जीआरएन मंगळवारी होतो. पन्नास नगांची मापे शंकास्पद वाटली की सगळी लॉट 'होल्ड'वर जाते. काही कंपन्या मुदत महिनाअखेरीपासून मोजतात, त्यामुळे 3 तारखेच्या मालाला सत्तावीस दिवस फुकट जोडले जातात. पैसे देण्याचे दिवस महिन्यातून दोनच, त्यातला एक हुकला की पंधरवडा गेला. बिलावरचा ऑर्डर क्रमांक किंवा दर प्रणालीशी जुळला नाही, तर बिल अडकते आणि कोणी विचारीपर्यंत अडकूनच राहते.

म्हणून वसुली म्हणजे महिनाअखेरीस लेखा विभागाला फोन करणे एवढेच नव्हे. माल गेल्यावर दोन-तीन दिवसांत जीआरएन झाला का, हे स्टोअर्समध्ये विचारणारा माणूस कारखान्याचे पंधरा दिवस वाचवू शकतो. आपल्या उदाहरणात जुलैनंतर पंधरा दिवस वाचणे म्हणजे दोन्ही कामे मिळून जवळजवळ बारा लाख रुपये मोकळे होणे. कोणत्याही बँकेकडून एवढी रक्कम इतक्या स्वस्तात मिळत नाही.

अडकण्याची खूण

पैशाची तंगी एका दिवसात येत नाही, तिचा क्रम ठरलेला असतो. आधी पोलादवाल्याचे दिवस वाढतात. तो रोखीची सूट काढून घेतो, मग दर चढवतो, शेवटी जुने दिल्याशिवाय नवा बार देत नाही. सीसी खाते लिमिटच्या टोकाला चिकटून राहते. वसुली जमा झाली की दोन दिवसांत पुन्हा टोकाला. त्यानंतर जीएसटी चुकतो, कारण सरकार दारात येऊन उभे राहत नाही. हा निर्णय सर्वात महागात पडतो. उशिरावर वार्षिक 18 टक्के व्याज लागते, हे एक. त्याहून मोठे दुखणे असे की एका महिन्याचे 3बी विवरण भरले नाही, तर पुढच्या महिन्याच्या विक्रीचे विवरण दाखल करता येत नाही. ते दाखल झाले नाही की गिऱ्हाइकाला त्याच्या 2बी मध्ये जीएसटीचे क्रेडिट दिसत नाही, आणि अनेक कंपन्या ते दिसेपर्यंत बिलातली जीएसटीची रक्कम रोखून धरतात. 81 हजार वाचवायला गेलेल्या कारखान्याची दर दहा लाखांच्या विक्रीमागे एक लाख ऐंशी हजारांची वसुली अडते.

बँकेकडेही असाच फास आहे. सीसीतून किती उचलता येईल ते दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ठरते: माल आणि येणी यांतून मार्जिन वजा करून. 90 दिवसांपलीकडची येणी बँका सहसा धरत नाहीत. एरवी 88 व्या दिवशी येणारे 11 लाख 80 हजारांचे बिल 100 व्या दिवसावर गेले, तर ते या हिशेबातून पूर्ण गळते. येण्यांवर 40 टक्के मार्जिन असेल तर उचलण्याची मर्यादा सात लाखांनी घटू शकते. म्हणजे गिऱ्हाइकाने उशीर केला की त्याच आठवड्यात बँकही हात आखडते. उलट बाजूला, नव्या ऑर्डरमुळे येणी वाढली म्हणून मंजूर लिमिट आपोआप वाढत नाही. त्यासाठी नवा प्रस्ताव, अंदाजित ताळेबंद, शाखा आणि वरचे कार्यालय असा प्रवास असतो, आणि तो जूनमध्ये सुरू केला तर उपयोगाचा. ऑगस्टमध्ये, खाते टोकाला पोचल्यावर केलेला अर्ज बँकेला अडचणीतल्या माणसाची हाक वाटते.

कायदा कुठवर येतो

छोट्या पुरवठादाराला उशिरापासून वाचवणारा कायदा 2006 पासून आहे. माल स्वीकारल्यावर लेखी करार असेल तर ठरल्या दिवशी, पण कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांत, आणि करार नसेल तर 15 दिवसांत सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचे पैसे द्यायचे. पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचला त्या दिवशीच स्वीकारला असे धरले जाते. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज. ऑर्डरवर लिहिलेले 60 दिवस या कायद्यापुढे टिकत नाहीत. तरीही व्याजाचा दावा लावणारे थोडे, कारण विक्रीतला मोठा वाटा ज्या एका गिऱ्हाइकाकडून येतो त्याच्याविरुद्ध या कायद्याखालच्या परिषदेकडे जाणे म्हणजे पुढच्या ऑर्डरवर पाणी सोडणे. कायद्याने हक्क दिला, पण तो बजावण्याची किंमत दुर्बळ बाजूवरच ठेवली.

2023 च्या अर्थसंकल्पाने म्हणून वेगळा मार्ग घेतला. मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी करासाठी खर्च म्हणून मिळेल, अशी तरतूद 1 एप्रिल 2024 पासून लागू झाली. यात पुरवठादाराला भांडावे लागत नाही, हे तिचे मोठे बळ. पण तिचा चावा वर्षअखेरीलाच बसतो: मेचे बिल मुदत टाळून डिसेंबरमध्ये दिले, तरी ते त्याच आर्थिक वर्षात असल्याने खरेदीदाराचे काही बिघडत नाही. जुलै ते सप्टेंबरच्या आपल्या खड्ड्याला या तरतुदीचा आधार जवळजवळ नाही.

जास्त कामाची आहे ती ट्रेड्स ही व्यवस्था. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणाऱ्या आरएक्सआयएल, एम1एक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट अशा मंचांवर पुरवठादार बिल चढवतो, खरेदीदार ते मान्य करतो आणि बँका त्यावर व्याजदराची बोली लावतात. बोली स्वीकारली की एक-दोन दिवसांत व्याज वजा जाता पैसे येतात. पुढे खरेदीदाराने बुडवले तरी बँक पुरवठादाराच्या मागे लागत नाही. दहा टक्के दर धरला तर 11 लाख 80 हजारांचे बिल ऐंशी दिवस आधी सोडवायला सुमारे 26 हजार लागतात. दोन लाखांच्या जादा नफ्यातून 26 हजार देणे हा फायद्याचाच सौदा आहे. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचांवर नोंदणी सक्तीची आहे. पण नोंदणी वेगळी आणि बिलाला मान्यता देणे वेगळे. मान्यता येत नाही तोवर मंचावरचे बिल नुसते बिलच राहते. म्हणून ट्रेड्सवर बिले मान्य करणार का, हे ऑर्डर घेताना खरेदी विभागाला विचारून लेखी घ्यावे.

ऑर्डर घेण्याआधीचा कागद

आपल्या कारखान्याला ही तूट जूनमध्येच दिसू शकली असती. त्यासाठी संगणक प्रणालीही लागत नाही. एका तावावर पुढच्या बारा-तेरा आठवड्यांचे रकाने आखायचे. वर बँकेतली आणि सीसीतली मोकळी रक्कम लिहायची. प्रत्येक आठवड्यात खरोखर येणारा पैसा, तोही ऑर्डरवरच्या मुदतीने नव्हे तर त्या गिऱ्हाइकाच्या मागच्या सहा बिलांच्या अनुभवाने. खाली जाणारा पैसा त्याच्या तारखांसह: पोलाद, सात तारखेचा पगार, पंधरा तारखेचा भविष्य निर्वाह निधी, वीस तारखेचा जीएसटी, हप्ता, आगाऊ कर, बोनस, घरखर्च. ज्या आठवड्यात शिल्लक शून्याखाली जाते, तो आठवडा आणि तिथला आकडा या दोन गोष्टी कळल्या की बोलणी कशाची करायची ते ठरते. इथे तो आठवडा ऑगस्टच्या सुरुवातीचा आहे.

आणि बोलणीत एक पर्याय बहुतेक वेळा हाताशी असतो, लेबर जॉबचा. जादा कामाचे पोलाद कंपनीनेच द्यायचे, कारखान्याने फक्त मजुरीचे बिल करायचे. विक्री 10 लाखांऐवजी साडेचार लाख दिसेल, नफा मात्र तेवढाच, दोन लाख. तीन महिन्यांत खिशातून घालायचे पगार-विजेचे साडेसात लाख आणि मजुरीवरही 18 टक्के धरले तर दोन महिन्यांच्या जीएसटीचे 1 लाख 62 हजार, मिळून 9 लाख 12 हजार. नऊ लाखांच्या गादीत जुन्या कामातले 90 हजार मिळवले की हे भागते, जेमतेम का होईना. साडेअठ्ठावीस लाखांचा खड्डा तिसऱ्या हिश्श्यावर येतो.

या पर्यायाची किंमतही आहे. टर्निंगचे स्क्रॅप कंपनी परत मागते किंवा त्याचे पैसे दरात वळते करते. पोलाद घासाघीस करून आणण्यातला फायदा जातो. कंपनीचा बार वेळेवर आला नाही तर दुसरी पाळी रिकामी बसते आणि पगार चालू राहतो. दिसणारी उलाढाल घटल्याने पुढच्या वर्षी 20 टक्क्यांच्या सूत्रावर मिळणारे सीसी लिमिटही हवे तेवढे वाढत नाही. हे सगळे नाकारण्यासारखे नाही, म्हणून अनेक उद्योजक सुरुवातीचे सहा-आठ महिने लेबर जॉबवर काम करून, तेवढ्या काळात नफा खात्यात साठू देऊन, मग थोडे थोडे काम आपल्या पोलादावर घेतात. नव्या ऑर्डरचा चौथा हिस्सा आपल्या मालावर घेतला तर खड्डा सात लाखांच्या आसपासचा असतो, आणि तेवढी गादी तयार झाली की पुढचा चौथा हिस्सा घेता येतो.